बोट कागदावरून कुठे सुटते?

"ताई, मी कृषी शाखेची पदवीधर आहे आणि राज्यसेवेची पूर्व परीक्षा दुसऱ्यांदा देणार आहे. गणित आणि बुद्धिमत्ता जमते; पण उताऱ्याखालचे 'यावरून कोणता निष्कर्ष निघतो' किंवा 'लेखकाला काय सुचवायचे आहे' हे प्रश्न हमखास चुकतात. पहिल्या वेळी मी मनानेच लांबचे अर्थ काढले, असे शिकवणीतले सर म्हणाले. 'उताऱ्याबाहेर जाऊ नका' हे त्यांचे सांगणे पाळून मी नंतर शब्दशः लिहिलेले तेवढेच निवडू लागले, तर गुण आणखी घटले. त्यातून शेतीवरचा उतारा आला की चुका जास्त! न लिहिलेले शोधायचे आणि बाहेरही जायचे नाही, हे एकाच वेळी कसे करायचे? वाचनाचा वेग वाढवला तर फरक पडेल का?"
– एक वाचक, लातूर जिल्हा

वेग वाढवून सध्या काही साधणार नाही. तुमच्या या पेपरात 80 प्रश्न आणि 200 गुण असतात, म्हणजे एका प्रश्नाला अडीच गुण, आणि चुकलेल्या उत्तरामागे त्याचा चौथा हिस्सा वजा होतो. ज्या प्रकारच्या प्रश्नात आपण ठरावीक पद्धतीने चुकतो, तो प्रकार भराभर सोडवू लागलो तर चुकाच भराभर होतात. पात्र ठरण्यासाठी 33 टक्के, म्हणजे 66 गुण लागतात, तेव्हा उताऱ्यांना थोडा अधिक वेळ देण्याची चैन तुम्हाला परवडते. गणित जमणाऱ्या उमेदवाराला तर नक्कीच परवडते.

तुमच्या पत्रावरून मला असे दिसते की तुम्ही दोन वेळा दोन विरुद्ध बाजूंना घसरलात, पण दोन्ही वेळा मनातली समजूत एकच होती. उताऱ्यात काही गोष्टी वर दिसतात, काही आत दडलेल्या असतात आणि दडलेली गोष्ट खणून काढावी लागते, अशी ती समजूत. पहिल्या वेळी तुम्ही खणले, दुसऱ्या वेळी खणायचेच सोडून दिले. परीक्षेतला निष्कर्ष मात्र इतका लगत असतो की उताऱ्यातली वाक्ये खरी धरली तर तो नाकारता येत नाही. तो लिहिलेला नसतो एवढेच. त्यामुळे "हे उताऱ्यात आहे का?" या एका प्रश्नाऐवजी दोन प्रश्न विचारावे लागतात: हे लिहिले आहे का, आणि लिहिले नसेल तर लिहिलेल्यापैकी कोणत्या वाक्यांनी हे मान्य करणे मला भाग पाडले आहे?

हे नुसते सांगून कळणार नाही. तुमच्याच विषयातला एक लहानसा उतारा मी रचला आहे. गाव काल्पनिक आहे.

"पूर्वी या गावात पावसाळा संपल्यावर दोन महिन्यांतच विहिरी तळ गाठत असत. तीन वर्षांपूर्वी ओढ्यावर साखळी बंधारे बांधल्यानंतर ओढ्याकाठच्या बहुतेक विहिरींना मार्चपर्यंतही पाणी राहू लागले. त्यामुळे ओढ्याकाठच्या काही शेतकऱ्यांनी गव्हाऐवजी ऊस लावला. गेल्या वर्षी पाऊस सरासरीइतका होऊनही या विहिरी जानेवारीतच आटल्या. टेकडीकडच्या विहिरींची स्थिती मात्र या सर्व काळात पूर्वीसारखीच राहिली."

आता ही चार विधाने पाहा.

अ. बंधारे झाल्यावर ओढ्याकाठच्या बहुतेक विहिरींना मार्चपर्यंत पाणी टिकू लागले.
ब. उसाच्या लागवडीमुळे गेल्या वर्षी विहिरी लवकर आटल्या.
क. गावातील विहिरींचे पाणी किती काळ टिकेल, हे केवळ पावसावर ठरत नाही.
ड. ओढ्याकाठच्या उरलेल्या शेतकऱ्यांनी गहूच कायम ठेवला.

प्रत्येक विधान वाचल्यावर, ते ज्यावर उभे आहे त्या शब्दांवर खरोखरीच बोट ठेवा. लहान मुलांसारखे वाटेल, पण सरावात तरी लाजू नका. 'अ'साठी बोट दुसऱ्या वाक्यावर जाते आणि तिथेच थांबते. 'राहू लागले'ऐवजी 'टिकू लागले' एवढाच काय तो फरक. हे सांगितलेले विधान झाले. "उताऱ्यानुसार पुढीलपैकी कोणते विधान बरोबर आहे" असा प्रश्न असेल तर 'अ' हे बिनतोड उत्तर आहे. "उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष निघतो" असे विचारले असेल आणि पर्यायांत न लिहिलेले पण अटळ असे दुसरे विधान असेल, तर 'अ' हा सापळा असतो. बाहेर जायच्या धास्तीने तुम्ही गेल्या वेळी बहुधा याच सापळ्यात पुन्हा पुन्हा अडकलात, कारण शब्द ओळखीचे दिसले की सुरक्षित वाटते.

'ब'पाशी मला जरा रेंगाळायचे आहे. कृषी शाखेच्या दहा विद्यार्थ्यांपुढे हा उतारा ठेवला तर बरेच जण 'ब'वर खूण करतील, आणि त्यांचे शेतीचे ज्ञान चुकीचे आहे असे कोणी म्हणणार नाही. सुरू उसाला वर्षभर आणि आडसाली उसाला सोळा-अठरा महिने पाणी द्यावे लागते, उसाच्या पट्ट्यात भूजल खाली जाते, हे तुम्ही शिकला आहात, पाहिलेही असेल. आता बोट ठेवा. तिसऱ्या वाक्यावर एक बोट, चौथ्यावर दुसरे. दोन्ही वाक्ये शेजारी आहेत खरी, पण त्यांना जोडणारा शब्द कुठे आहे? 'त्यामुळे' हा शब्द उताऱ्यात एकदाच येतो आणि तो पाणी टिकणे व ऊस लावणे यांना जोडतो. ऊस लावणे आणि विहिरी आटणे यांच्यामध्ये पूर्णविराम आहे आणि 'गेल्या वर्षी' आहे. मधला दुवा तुम्ही घातलात, तोही इतक्या सहज की आपण काही घातले हे कळलेदेखील नाही. शेतीवरच्या उताऱ्यांत तुमच्या चुका वाढतात त्या यामुळे. परक्या विषयात दुवा जोडायला आपल्याकडे सामानच नसते, म्हणून आपण निमूट कागदावर राहतो. ओळखीच्या विषयात बोट कागदावरून सुटते आणि स्वतःच्या डोक्यावर जाऊन टेकते.

ही चूक मी स्वतः केली आहे, तीही प्रश्न काढणाऱ्याच्या खुर्चीत बसून. एका सराव परीक्षेसाठी मी याच धाटणीचा उतारा रचला होता आणि 'ब'सारखा पर्याय बरोबर उत्तर म्हणून धरला होता. तपासणाऱ्या सहकारी बाईंनी पेन्सिलीने समासात दोनच शब्द लिहिले: "किती एकर?" उताऱ्यात 'काही शेतकरी' होते, क्षेत्र नव्हते, त्या उसाला याच विहिरींचे पाणी दिले की कालव्याचे याचा पत्ता नव्हता, बंधारे गाळाने भरले होते का हेही नव्हते. प्रश्न काढून टाकावा लागला.

दोन वाक्यांच्या मध्ये आपण काय घातले हे पकडायचे असेल तर नकार देऊन पाहणे हा सर्वात भरवशाचा उपाय आहे. विधान खोटे आहे असे धरायचे आणि उतारा पुन्हा वाचायचा. "विहिरी उसामुळे आटल्या नाहीत, बंधाऱ्यात गाळ साचल्यामुळे पाणी मुरलेच नाही, म्हणून आटल्या." असे धरल्यावर उताऱ्यातले एखादे वाक्य खोटे पडते का? एकही पडत नाही. पाचही वाक्ये जशीच्या तशी उभी राहतात. म्हणजे 'ब' खरे असेल किंवा नसेल, उताऱ्याला दोन्ही चालते; आणि ज्याच्या नकारानेही उताऱ्याला धक्का लागत नाही, तो त्या उताऱ्याचा निष्कर्ष नव्हे.

'क'ला तीच कसोटी लावू. धरून चाला की गावातल्या विहिरींचे पाणी केवळ पावसावर ठरते. गाव एक, पाऊस एक. मग बंधाऱ्यांनंतर ओढ्याकाठच्या विहिरींचे वागणे बदलले तसे टेकडीकडच्या विहिरींचेही बदलायला हवे होते. पण शेवटचे वाक्य सांगते की त्या पूर्वीसारख्याच राहिल्या. टक्कर झाली, म्हणून 'क' निघते, जरी ते कुठेही लिहिलेले नाही. यात बोटे दोन वाक्यांवर आहेत, दुसऱ्या आणि पाचव्या, आणि दोन्ही बोटे कागदावर आहेत. सांगितलेल्या विधानाला बहुधा एक बोट पुरते, निष्कर्षाला दोन लागतात आणि स्वतःच्या कल्पनेसाठी एक बोट हवेत राहते, असा माझा अनेक वर्षांचा ठोकताळा आहे. ठोकताळाच, नियम नव्हे. एकाच वाक्यातून निघणारे निष्कर्षही असतात, त्यांच्याकडे पुढे येऊच.

त्याआधी 'क'मधली एक खोच. बहुतेकांना 'क' पटते ते चौथ्या वाक्यामुळे: पाऊस सरासरीइतका होऊनही विहिरी आटल्या, म्हणजे पावसाखेरीज काहीतरी आहे. उत्तर बरोबर येते, पण वाट कच्ची आहे. आधीच्या दोन वर्षांत पाऊस किती झाला हे उताऱ्यात नाही. ती वर्षे भरपूर पावसाची असतील आणि गेल्या वर्षी तो सरासरीवर आला असेल, तर विहिरी लवकर आटायला पाऊस एकटा पुरेसा ठरेल. टेकडीकडच्या विहिरींचे वाक्य नसते तर 'क' डळमळले असते. प्रश्न काढणारा कधीकधी असे शेवटचे, किरकोळ वाटणारे वाक्य मुद्दाम ठेवतो, म्हणून उत्तर बरोबर आल्यावरही ते कोणत्या वाक्यावर उभे आहे हे सरावात लिहून पाहावे.

तुम्ही विचाराल की गाव एक म्हणजे पाऊस एक, हे तरी उताऱ्यात कुठे आहे? रास्त शंका आहे. 'बाहेर जाऊ नका' हा सल्ला शब्दशः पाळता येत नाही तो इथेच. मीमांसकांचे जुने उदाहरण तुम्ही कदाचित ऐकले असेल: देवदत्त धष्टपुष्ट आहे आणि तो दिवसा जेवत नाही. यावरून तो रात्री जेवतो हे मानावे लागते. या मानण्याला त्यांनी अर्थापत्ती हे नाव दिले. रात्रीचा उल्लेख दोन्ही वाक्यांत नाही. शिवाय न जेवता कोणी धष्टपुष्ट राहत नाही हे ज्ञान आपण बाहेरूनच आणले. पण ते ज्ञान असे आहे की वाचणाऱ्या कोणालाही ते नाकारता येणार नाही, त्यासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही. बाहेरचे किती चालते याची सीमा साधारण इथे आखावी: जे कोणत्याही विषयाच्या उमेदवाराला वाद न घालता मान्य होईल तेवढे चालते, आणि ज्यासाठी त्या विषयाचा अभ्यास लागतो ते चालत नाही. एका गावात साधारण सारखाच पाऊस पडतो हे पहिल्या प्रकारातले. ऊस भूजल ओढतो आणि म्हणून या विहिरी आटल्या, हे दुसऱ्या. देवदत्त रात्री काय जेवतो, कोणाकडे जेवतो, लपून जेवतो का, हेही दुसऱ्याच प्रकारातले. पहिल्या वेळी तुम्ही बहुधा तिथपर्यंत गेला होतात.

आता 'ड'. 'काही शेतकऱ्यांनी गव्हाऐवजी ऊस लावला' हे वाचताच बाकीच्यांनी लावला नाही असे मनात येते, आणि बोलण्यात ते ठीकच आहे. कोणी "काही पाहुणे जेवले" म्हटले तर आपण उरलेल्यांची ताटे मांडतो. परीक्षेत मात्र 'काही' म्हणजे निदान थोडे. उरलेल्यांविषयी तो शब्द गप्प असतो. त्यांनी हरभरा केला असेल, कांदा केला असेल, रान पडीक ठेवले असेल. 'गहूच' यातला 'च' तर सरळसरळ पर्याय रचणाऱ्याने घातलेला आहे.

इथे मी मराठीतली एक साधी युक्ती वापरते. मूळ वाक्याला 'किंबहुना' जोडून उलट गोष्ट म्हणून पाहायची. "काही शेतकऱ्यांनी ऊस लावला, किंबहुना सगळ्यांनीच लावला." खटकत नाही. म्हणजे 'बाकीच्यांनी लावला नाही' ही नुसती सूचना होती, ती पुसता येते. आता दुसरे वाक्य घ्या. "विहिरींना मार्चपर्यंत पाणी राहू लागले, किंबहुना आधीही तितकेच राहत होते." हे कानाला लागलीच खटकते, कारण 'लागले' या क्रियापदाने आधी तसे नव्हते हे गृहीत धरून टाकले आहे, ते पुसता येत नाही. पूर्वी पाणी मार्चपर्यंत राहत नसे असा पर्याय आला आणि उताऱ्याचे पहिले वाक्य छापलेच नसते, तरी तो पर्याय एकट्या 'लागले'वर उभा राहिला असता. एका वाक्यातून निघणारे निष्कर्ष म्हणजे हेच. मराठीत ते फार बारीक जागी बसलेले असतात: 'पुन्हा' म्हटले की आधी एकदा झालेले असते, 'थांबले' म्हटले की चालू होते, 'अजूनही' म्हटले की पूर्वीपासून आहे. 'जानेवारीतच' मधला 'च' सांगतो की लेखकाच्या मते हे लवकर झाले, आणि 'होऊनही' मधला 'ही' सांगतो की एवढ्या पावसात विहिरी टिकतील अशी त्याची अपेक्षा होती. शेवटच्या दोन गोष्टी विहिरींविषयीच्या नाहीत, लेखकाच्या दृष्टीविषयीच्या आहेत, आणि "लेखकाला काय सुचवायचे आहे" या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा अशाच अक्षरात असते.

हा प्रश्न निष्कर्षाच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ वाटतो, पण तो थोडा सैल आहे. ऊस आणि आटलेल्या विहिरी लेखकाने शेजारी ठेवल्या त्या योगायोगाने नव्हे, वाचकाच्या मनात संशय यावा असे त्याला वाटत असणार, असे कोणी म्हटले तर मी भांडणार नाही. म्हणून "लेखक काय सुचवतो" असे विचारून "विहिरी लवकर आटण्यामागे उसाची लागवड हे एक कारण असू शकते" असा पर्याय दिला असेल, तर मी तो निवडेन. 'ब' आणि हा पर्याय यांत विषय तोच आहे. फक्त 'आटल्या'च्या जागी 'असू शकते' आले आणि कारण 'एक' झाले. विधान जितके नरम, तितका त्याला लागणारा आधार कमी. पर्याय वाचताना आपण नामे वाचतो, ऊस, विहिरी, बंधारे, आणि क्रियापदाच्या शेपटीकडे दुर्लक्ष करतो. खरा निवाडा शेपटीत असतो. तुम्ही 'सर्व', 'केवळ', 'नेहमी', 'कधीच' हे शब्द पाहून पर्याय खोडत असाल, तशी शिकवणही सर्रास दिली जाते, तर एक पाहा: आपल्या 'क'मध्ये 'केवळ' आहे आणि तरी ते बरोबर आहे, कारण पुढे 'ठरत नाही' आहे. 'केवळ पावसावर ठरते' हे जड विधान, 'केवळ पावसावर ठरत नाही' हे हलके. शब्द पाहून खोडणे म्हणजे शेपटी न पाहता खोडणे.

गृहीतकांच्या प्रश्नांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण ते याच रांगेत येतात आणि नकाराची कसोटी तिथे वेगळ्या तऱ्हेने चालते, म्हणून थोडक्यात सांगते. निष्कर्ष उताऱ्याच्या पुढे असतो, गृहीतक त्याच्या खाली. "पाणी टिकू लागले, त्यामुळे काहींनी गव्हाऐवजी ऊस लावला" यात उसाला गव्हापेक्षा जास्त काळ पाणी लागते हे लेखकाने न सांगता धरले आहे. ते नाकारून पाहा: उसाला गव्हाइतकेच दिवस पाणी पुरते. मग ती दोन्ही वाक्ये घटना म्हणून खरी राहू शकतात, पण मधले 'त्यामुळे' लंगडे पडते. निष्कर्षाच्या नकाराने उताऱ्यातल्या वाक्याशी टक्कर होते, गृहीतकाच्या नकाराने वाक्यांमधला सांधा निखळतो. तुमच्या शेतीच्या ज्ञानाला इथे थोडी जागा आहे, पण तिथेही जपून. मार्चपर्यंत पाणी असताना ऊस एप्रिल-मे कसा काढणार, हा प्रश्न तुमच्या मनात मघाशीच आला असेल. तो शेतकऱ्यांना विचारण्यासारखा उत्तम प्रश्न आहे. उत्तरपत्रिकेवर मात्र त्याला गोल नाही.

सरावाचे म्हणाल तर नवे उतारे शोधत बसू नका. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतले, तुम्ही आधी सोडवून चुकलेले दहा उतारे घ्या आणि घड्याळ न लावता पुन्हा बसा. अनेक प्रश्नांत 'अ' आणि 'ब' अशी दोन विधाने देऊन 'फक्त अ', 'फक्त ब', 'दोन्ही', 'एकही नाही' असे पर्याय असतात; तिथे पर्याय झाकून ठेवा आणि प्रत्येक विधानाचा एकट्याने निकाल लावा, कारण पर्याय समोर असले की आपण दोन विधानांची एकमेकांशी तुलना करू लागतो, उताऱ्याशी नाही. प्रत्येक विधानापुढे समासात तीनपैकी एक खूण करा: लिहिलेले असेल तर 'लि', निघत असेल तर 'नि' आणि शेजारी वाक्यांचे क्रमांक, आणि मी घातलेले असेल तर 'मी'. उत्तरतालिका पाहिल्यावर बरोबर किती हे मोजण्याआधी चूक कोणत्या जातीची आहे हे पाहा. 'मी'ला 'नि' समजणे ही तुमची पहिल्या वेळची चूक, 'नि'ला 'मी' समजून टाकून देणे ही नंतरची. दहा उताऱ्यांत यांपैकी एक जात स्पष्टपणे वरचढ दिसेल. पहिली वरचढ असेल तर नकाराची कसोटी हात धरेल, दुसरी असेल तर दोन बोटांची, म्हणजे खोडण्याआधी "ही दोन वाक्ये एकत्र वाचली तर?" असे एकदा तरी विचारायचे. दोन्ही औषधे एकाच वेळी घेऊ नका. एका शिकवणीच्या एका वाक्याने तुम्ही या टोकावरून त्या टोकाला गेलात ते असेच.

काही प्रश्नांत "सर्वात तर्कसंगत निष्कर्ष" असे विचारतात आणि चारपैकी एकही पर्याय नकाराच्या कसोटीला पूर्ण उतरत नाही. अशा वेळी कसोटी फेकून देऊ नका, तिचा मोजपट्टीसारखा उपयोग करा. प्रत्येक पर्याय खरा ठरायला बाहेरून किती गोष्टी आणाव्या लागतात ते मोजा आणि ज्याला सर्वात कमी, सर्वात बिनवादाची गोष्ट लागते तो घ्या. 'ब'ला किमान तीन लागतात: लागवडीचे क्षेत्र मोठे होते, पाणी याच विहिरींचे होते, दुसरे कारण नव्हते. इतके मोजूनही दोन पर्याय बरोबरीत उरले तर उत्तर द्यावे, असे मी सांगते. दोनांतून एक निवडताना बरोबर आले तर अडीच मिळतात, चुकले तर 0.625 जातात. चारही सारखेच धूसर वाटत असतील तर उतारा नीट वाचलेला नाही, परत जायला वेळ नसेल तर सोडून द्यावा.

आणि एक काम आठवड्यातून एकदा करा. वर्तमानपत्रातल्या शेतीच्या पानावरची पाच-सहा वाक्ये घेऊन त्यांवर स्वतः चार विधाने रचा: एक लिहिलेले, एक 'मी'चे, एक 'काही'चे 'सर्व' केलेले आणि एक निघणारे. मग ती शेतीशी संबंध नसलेल्या मैत्रिणीला सोडवायला द्या. पहिली तीन दहा मिनिटांत होतील. चौथ्याला बराच वेळ लागेल, कारण ते लिहून झाल्यावर तुम्ही ते खोडून पाहाल आणि बहुतेक वेळा उतारा शांतपणे उभा राहील. मग पुन्हा लिहाल. मैत्रीण तुमच्या 'मी'च्या विधानाकडे बोट दाखवून "हे कुठे लिहिलंय?" विचारेल तेव्हा तिला उसाविषयी समजावून सांगू नका.